आजीच्या कपाटातलं पांढरं कोरीव काम: हस्तिदंत, हाड की रेझिन? विकायच्या आधी हे बघून घ्या

मुंबईत जुनं घर रिकामं करायची वेळ आली, म्हणजे चाळीचं रिडेव्हलपमेंट लागलं किंवा आजी-आजोबांची खोली आवरायला घेतली, की कपाटाच्या तळाशी जुन्या साडीत गुंडाळलेल्या पांढरट-पिवळट कोरीव वस्तू हमखास निघतात. कुणी म्हणतं हस्तिदंत आहे, लाखाला जाईल. कुणी म्हणतं छे, प्लॅस्टिक आहे. मग कोणतरी फोटो काढून विकायच्या अॅपवर टाकतो, ‘अँटिक आयव्हरी, फिक्स्ड प्राइस’. आणि खरी गडबड तिथेच होते. भारतात ती वस्तू हस्तिदंताची निघाली तर किमतीचा प्रश्नच संपतो, कारण ती विकताच येत नाही, मग ती शंभर वर्षं जुनी असो की दोनशे. म्हणून आधी ओळख, मग कागद, आणि किंमत सगळ्यात शेवटी, हाच क्रम ठेवायचा.

नुसत्या थिअरीने काही डोक्यात शिरत नाही, म्हणून एक खरा ढिगाराच घेऊ. माझ्या मावसबहिणीच्या सासरी, गिरगावात, खोली आवरताना पाच वस्तू निघाल्या: एक जाड पांढरी बांगडी, वीतभर उंचीचा बासरीवाला कृष्ण, पत्रं फोडायची सुरी, मासा खांद्यावर घेतलेला एक जपानी म्हातारा कोळी, आणि चंदनाची नक्षीदार पेटी. घरातल्या सगळ्यांना पाचही हस्तिदंतच वाटत होत्या. ओळीने बघू.

आधी सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं, जवाहिरे डोळ्याला लावतात ते, झवेरी बाजाराच्या आसपास मिळतं. मोबाइलचा टॉर्च चालतो. जमलं तर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या, नोटा तपासायचा जांभळा स्वस्तवाला नको, त्याचा स्वतःचाच जांभळा उजेड इतका पडतो की सगळंच चमकल्यासारखं दिसतं. एक मऊ कोरडा कपडा आणि मऊ ब्रश. बस.

काय करायचं नाही तेही इथेच सांगते. गरम सुई टोचायची नाही. जुने लोक अजून सांगतात की सुई लावा आणि वास बघा, पण त्याने कायमचा डाग पडतो, आणि वस्तू सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लॅस्टिकची, असेल तर ती भसकन पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवून वजन-आकारमान काढायचा खेळही नको, हस्तिदंत आणि हाड दोन्ही ओलावा ओढतात आणि वाळताना तडकतात. खोबरेल तेल लावून चमकवणं तर अजिबात नको, तेल आत मुरतं आणि मग भिंगातून बघायच्या खुणाच बुजून जातात.

पहिली पायरी: वस्तू उलटी करा

नवीन माणूस चेहरा बघतो, कोरीव काम किती नाजूक आहे ते बघतो. त्याने काहीच कळत नाही, साच्यातून काढलेल्या रेझिनचा चेहराही सुंदर असतो. बघायचा तो बूड, म्हणजे जिथे सुळा किंवा हाड आडवं कापलंय ती सपाट जागा. मूर्ती असेल तर पाया, बांगडी असेल तर तिच्या दोन्ही सपाट कडा. बांगडी म्हणजे सुळ्याची आडवी कापलेली चकतीच, त्यामुळे शिकायला बांगडीइतकी सोपी वस्तू दुसरी नाही.

गिरगावची बांगडी हातात घेतली, खिडकीपाशी गेलो, टॉर्च सरळ न मारता बाजूने तिरपा धरला, आणि कडेवर बारीक रेषा दिसायला लागल्या. एक संच डावीकडे वळत जाणारा, दुसरा उजवीकडे, आणि दोन्ही एकमेकांना छेदून मध्ये बारीक शंकरपाळ्यांची जाळी. वस्तू जरा फिरवली की जाळी क्षणभर पुसट होते आणि परत दिसते. याला श्रेगर रेषा म्हणतात आणि हत्तीच्या सुळ्याची ही सगळ्यात भरवशाची खूण आहे. या रेषा पृष्ठभागावर ओढलेल्या नसतात, त्या सुळ्याच्या अंगातच असतात, त्यामुळे साच्यातून किंवा छापून त्या हुबेहूब आणता येत नाहीत. लांबीच्या बाजूला, म्हणजे बांगडीच्या बाहेरच्या उभ्या भागावर, जाळी दिसत नाही, तिथे नुसत्या लाटांसारख्या बारीक रेषा जातात. म्हणून एकाच बाजूने बघून ‘जाळी नाही, म्हणजे नाही’ असं ठरवू नका.

बांगडी हस्तिदंताचीच. गुजराती आणि मारवाडी घरांत लग्नाच्या चुड्यात अशा बांगड्या असायच्या, मुंबईत त्या पुष्कळ निघतात.

इथे कुणीतरी शहाणा विचारतोच, की हे मॅमथचं असेल तर? सैबेरियाच्या बर्फात गाडलेल्या, केव्हाच संपलेल्या प्राण्याचं, त्याला कुठला कायदा? मॅमथच्या सुळ्यातही श्रेगर रेषा असतात, फक्त सालीजवळच्या बाहेरच्या भागात त्या छेदतात तो कोन मॅमथमध्ये साधारण ९० अंशांपेक्षा कमी आणि हत्तीत ११५ च्या वर असतो. कोन मोजायला मजा येते, पण भारतात त्याचा विक्रीला काडीचा उपयोग नाही, कारण २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या हस्तिदंतात मॅमथचंही येतं. कारणही व्यवहाराचं आहे, नुसत्या डोळ्यांनी दोघांत फरक करता येत नाही, एकाला मोकळीक दिली की दुसरं त्याच नावाखाली विकलं जाणार. तेव्हा कोणी दुकानदार ‘मॅमथ आहे, लीगल आहे’ म्हणाला तर तो दुसऱ्या देशातल्या गोष्टी सांगतोय.

दुसरी पायरी: हाड कसं दिसतं

कृष्णाच्या बुडाला भिंग लावलं आणि जाळी कुठेच नाही. त्याऐवजी बारीक काळपट ठिपके, जणू कोणी पेन्सिलीचं टोक टेकवून गेलंय. आणि कृष्णाच्या पाठीवर, उभ्या दिशेने, त्याच काळपट रंगाच्या लहान लहान तुटक रेघा. हे हाडच. हाडातून रक्तवाहिन्यांच्या नळ्या जातात, आडव्या कापल्या की ठिपका दिसतो आणि उभ्या कापल्या की रेघ, आणि वर्षानुवर्षं त्यात धूळ-मळ बसून त्या गडद होतात. हस्तिदंतात अशा नळ्या नसतात. नवीन, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं केलेलं आणि बफ मारलेलं हाड असेल तर ठिपके पटकन दिसत नाहीत, तेव्हा पॉलिश न पोचलेली जागा शोधायची, हाताच्या काखेत, बासरीच्या खाली, पायाच्या मधल्या खोबणीत.

दुसरी गोष्ट मापाची, आणि ती तर भिंगाशिवायही कळते. पायाचं हाड म्हणजे आतून पोकळ नळी. उंटाचं असलं तरी तिची भिंत थोडीच जाड. त्यामुळे हाडाची मूर्ती सडपातळ असते किंवा तुकडे जोडून केलेली असते. आपल्या कृष्णाचे दोन्ही हात वेगळे खुंटीने बसवलेले होते आणि पाया तिसऱ्याच तुकड्याचा. नारळाएवढी भरीव वस्तू दाखवून कोणी ‘एकाच तुकड्यातलं हाड’ म्हणाला तर ते खोटं, एकतर आत लाकूड आणि वर पट्ट्या, नाहीतर हाडच नाही.

राजस्थानात उंटाच्या आणि उत्तर प्रदेशात संभलच्या बाजूला म्हशीच्या हाडाचं काम आजही होतं. त्यातला बराच माल चहाच्या पाण्यात रंगवून ‘जुना’ केला जातो. तो रंग सगळीकडे सारखा, खोबणीतही आणि उंचवट्यावरही. खरा जुनेपणा असा नसतो, हात लागून उंचवटे झिजतात आणि उजळ राहतात, आणि एकच बाजू उजेडाकडे राहिली असेल तर दोन बाजूंचे रंग वेगळे होतात.

तिसरी पायरी: रेझिन आणि सेल्युलॉइड

जपानी कोळ्याला सगळे सगळ्यात महाग समजत होते. हातात घेतल्यावर तो लगेच कोमट वाटला, हस्तिदंत आणि हाड सुरुवातीला गार लागतात. पण यावर एकट्यावर विसंबू नका, कारण हल्ली रेझिनमध्ये दगडाची पूड भरतात आणि ते गारही लागतं, जडही लागतं. साधं पॉलिएस्टर रेझिन हस्तिदंतापेक्षा बरंच हलकं असतं, पूड घातली की तो फरक जातो.

त्यापेक्षा साच्याच्या खुणा शोधा. कोळ्याच्या टोपलीच्या बाजूने, कानामागून थेट टाचेपर्यंत, एक अगदी बारीक उंच रेघ जात होती, घासून काढायचा प्रयत्न केलेली, पण काखेत तशीच राहिलेली. दोन अर्ध्या साच्यांचा तो सांधा. भिंगातून बुडाला गोल गोल खड्डे, टाचणीच्या डोक्याएवढे, ते हवेचे बुडबुडे. (हाडाचे ठिपके असे परफेक्ट गोल आणि रिकामे नसतात.) आणि दाढीच्या खोबणीत तपकिरी रंग ओतून पुसून घेतलेला, ब्रशने जरा झटकला तरी निघत नव्हता कारण तो मळ नाहीच, रंग आहे. कोरलेल्या वस्तूत हत्याराच्या कडा धारदार असतात, साच्यातल्या दाढीचे केस मात्र मेण वितळल्यासारखे बोथट असतात.

सुरीचं प्रकरण जास्त फसवं. तिच्या मुठीवर लांबीच्या दिशेने सुंदर रेषा होत्या, अगदी दाण्यासारख्या. पण सगळ्या सरळ, एकमेकींना समांतर, सारख्याच अंतरावर, आणि टोकाच्या बुडाला जाळी नाही. हे सेल्युलॉइड, परदेशात हस्तिदंताची नक्कल म्हणून कंगवे, आरसे, सुऱ्यांच्या मुठी यात भरपूर वापरलं गेलं. अंगठ्याने जोरात घासलं तर कापराचा हलका वास येतो. निसर्ग इतकं मोजून मापून रेषा मारत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. आणि हो, जुनं सेल्युलॉइड उन्हात किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवू नका.

यूव्ही टॉर्च शेवटचा. अंधाऱ्या खोलीत हस्तिदंत आणि हाड दोन्ही निळसर पांढरे चमकतात, रेझिन आणि प्लॅस्टिक बहुतेक वेळा मंद, गडद निळसर राहतं. म्हणजे यूव्हीने प्राण्याचं आहे की नाही एवढंच कळेल, हत्ती की उंट ते नाही. वॉर्निश, गोंद आणि कपड्याच्या साबणाचा अंशही चमकतो, तेव्हा चमक सगळ्या अंगावर एकसारखी आहे का तेही बघा.

पेटी: जिथे घरी निर्णय होत नाही

चंदनाच्या पेटीवर चौकट चौकट करून बारीक मोज़ेक होतं. याला सादेली म्हणतात, सुरत आणि मुंबईत एकोणिसाव्या शतकात हे काम फार झालं, इंग्रज मंडळी घेऊन जायची, पारशी घरांतही असायचं. वेगवेगळ्या मालाच्या काड्या, आबनूस, रंगवलेलं शिंग, कथील, हाड, हस्तिदंत, एकत्र जुडी करून चिकटवायच्या आणि जुडीच्या आडव्या पातळ चकत्या कापून पेटीवर बसवायच्या. एक पांढरा त्रिकोण जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. एवढ्या तुकड्यात श्रेगर जाळी बसतच नाही. ठिपके दिसले तर हाड हे नक्की, पण ठिपके नाहीत म्हणून हस्तिदंतच, असंही म्हणता येत नाही. शिवाय एकाच पेटीत दोन्ही असू शकतं, कडेच्या पट्ट्या एकाच्या आणि मधले तारे दुसऱ्याचे. कडेच्या रुंद पट्ट्या आधी बघा, तिथे रेषा दिसायला जागा असते. आपल्या पेटीच्या एका कोपऱ्याच्या पट्टीत जाळी दिसली, म्हणजे प्रश्न सुटला.

तुम्हाला वाटेल, एवढीशी पट्टी, पेटी तर लाकडाची! ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्यात खरंच अशी सवलत आहे, १९४७ च्या आधीची वस्तू आणि हस्तिदंत दहा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नोंदणी करून विकता येते, म्हणून लंडनच्या लिलावात अशा पेट्या दिसतात आणि इथले लोक तिथली किंमत बघून हुरळतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘प्राणीजन्य वस्तू’ची व्याख्याच अशी आहे की प्राण्याचा पूर्ण किंवा कोणताही भाग वापरलेली वस्तू त्यात येते. टक्केवारी नाही, वयाची सूट नाही.

आता कायदा, जेवढा लागतो तेवढा

आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. हत्ती १९७७ मध्ये त्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला, १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने बाहेरून आलेल्या, म्हणजे आफ्रिकेच्या हस्तिदंताचाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण तोपर्यंत प्रत्येक दुकानदार ‘हे आफ्रिकन आहे’ म्हणायचा आणि ते खोटं ठरवणार कोण? व्यापारी कोर्टात गेले, हरले, सुप्रीम कोर्टातही २००३ मध्ये बंदी कायम राहिली.

घरच्यांसाठी कळीची गोष्ट म्हणजे मालकीचं प्रमाणपत्र. २००३ मध्ये सरकारने लोकांना त्यांच्याकडे असलेल्या अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवस दिले होते. तेव्हा आजोबांनी अर्ज केला असेल तर कपाटात कुठेतरी वनखात्याचं प्रमाणपत्र असेल, तेव्हा वस्तूपेक्षा आधी फायली शोधा. प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही, विकायला काढताही येत नाही, म्हणजे अॅपवरचा फोटोसुद्धा त्यातच आला. वारसाने मिळाली तर ठेवता येते, पण ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाहीर करावी लागते. प्रमाणपत्राशिवायची वस्तू भाच्याच्या लग्नात भेट दिली तर भाचाही अडकतो, वारसा सोडून दुसऱ्या कुठल्याही मार्गाने ती घ्यायला परवानगी नाही.

शिक्षा किरकोळ नाही, तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. आणि एक कलम लोकांना माहीतच नसतं: वस्तू तुमच्याकडे सापडली हे सिद्ध झालं की ताबा बेकायदा आहे असंच धरलं जातं, तो कायदेशीर आहे हे दाखवायची जबाबदारी तुमची. ‘आजीची आहे हो’ हा पुरावा नाही. आजीचा जुना फोटो, ज्यात हातात ती बांगडी दिसते, तो निदान काहीतरी आहे, म्हणून असे फोटो, मृत्युपत्र, जुनी बिलं एका पाकिटात ठेवा.

अमेरिकेतल्या लेकीच्या बॅगेत घालून पाठवणं हा तर दुहेरी घोळ. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारामुळे दोन्हीकडच्या कस्टम्सला ते जप्त करता येतं, आणि वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर पुरावशेषांचा वेगळा कायदा लागतो, तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेताच येत नाही.

मग करायचं काय

गिरगावच्या पाचपैकी कोळी आणि सुरी बिनघोर विकता येतात, फक्त काय आहे ते खरं लिहायचं. रेझिनला आयव्हरी म्हणून विकलं तर फसवणूक, आणि वर वनखात्याला स्वतःहून आवतण. बांगडी आणि पेटी विकायच्या नाहीत. त्यांचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, माप आणि वजन लिहून ठेवलं, फायली उपसल्यावर प्रमाणपत्र सापडलं नाही, म्हणून वकिलाला दाखवून वनखात्याला लेखी कळवायचं ठरलं. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला असतं, मुंबईकरांनी आधी बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कार्यालयात विचारावं, अर्ज कुठे द्यायचा ते तिथे सांगतात. वस्तू बरोबर घेऊन लोकलने जाऊ नका, आधी कागद. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे पण वस्तू सांभाळायची नाही, त्यांना २०२२ च्या दुरुस्तीनंतर सात कामकाजी दिवसांची नोटीस देऊन ती सरकारजमा करता येते, पैसे मात्र मिळत नाहीत. डोळ्याला सवय हवी असेल तर काला घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताचं काम काचेतून निवांत बघता येतं, चोरबाजारात ‘दाखवा जरा’ म्हणत फिरण्यापेक्षा ते बरं.

कृष्ण हाडाचा, तो विकता येतो. अॅपवर टाकताना ‘हाडाची कोरीव मूर्ती, चार तुकडे जोडलेले’ असं सरळ लिहा, ‘आयव्हरी लुक’, ‘आयव्हरी फिनिश’ वगैरे शब्द टाळा, आणि पहिला फोटो चेहऱ्याचा दिला तरी दुसरा भिंगातून घेतलेला बुडाचा द्या, ठिपके स्पष्ट दिसणारा. मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर भिंग धरलं आणि टॉर्च बाजूने मारला की तो फोटो आरामात येतो.